दुकानात आयकराचा सर्व्हे: साठ्याच्या फरकाचा हिशेब आणि जबाब

नोव्हेंबर 2023 मध्ये, लग्नसराईच्या तोंडावर, आमच्या साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या दुकानात आयकर विभागाचे सर्वेक्षण झाले. बाजारात त्याला सरसकट ‘रेड पडली’ असे म्हणतात. माझ्याही दुकानाबद्दल दुपारपर्यंत पेठेत तीच बातमी पसरली होती; पण छापा आणि सर्वेक्षण या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदाराचे बहुतेक हक्क याच फरकावर उभे आहेत. छापा आयकर अधिनियम 1961 च्या कलम 132 खाली पडतो आणि त्यात कुलूप फोडण्याचा, अंगझडती घेण्याचा आणि रोकड किंवा दागिने जप्त करण्याचा अधिकार असतो. सर्वेक्षण कलम 133अ खाली होते. त्यात अधिकाऱ्यांना पाहण्याचा, मोजण्याचा, नोंदी करण्याचा आणि विचारण्याचा अधिकार असतो. रोकड, माल किंवा कोणतीही मौल्यवान वस्तू जागेवरून हलवण्यास मात्र पोटकलम 4 मध्ये स्पष्ट मनाई आहे. आता आयकर अधिनियम 2025 मुळे कलमांचे आकडे बदलले आहेत, तरी सर्वेक्षणाची तरतूद नव्या कायद्यातही आहे. मी मात्र माझ्या वेळी लागू असलेल्या कायद्याप्रमाणेच लिहीत आहे.

अधिकारी सकाळी दुकान उघडल्यानंतर आले. व्यवसायाच्या जागेत प्रवेश करायचा तर ती जागा व्यवसायासाठी उघडी असतानाच करता येतो, असे कायदा सांगतो. एकदा प्रवेश झाला की काम दुकान बंद करण्याच्या वेळेनंतरही चालू राहू शकते आणि आमच्याकडे ते रात्री उशिरापर्यंत चालले. प्रमुख अधिकाऱ्यांनी ओळखपत्र दाखवले. मी अधिकारपत्र वाचायला मागितले आणि त्यांनी ते लगेच दिले. त्यावर आमच्या पेढीचे नाव, दुकानाचा पत्ता आणि कोणकोणते अधिकारी काम करणार त्यांची नावे होती. 2022 च्या दुरुस्तीपासून सर्वेक्षणाला मुख्य आयुक्त किंवा महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि त्या परवानगीचा उल्लेखही पत्रात होता. विभागाच्या पत्रांवर ऑक्टोबर 2019 पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो मी वहीत उतरवून घेतला. हे सगळे वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि कोणत्याही प्रामाणिक अधिकाऱ्याला त्याचा राग येत नाही. तोतया अधिकारी बनून दुकानदारांना लुबाडण्याचे प्रकार घडतात, तेवढ्या एका कारणासाठीही अधिकारपत्र वाचायलाच हवे.

त्यानंतर मी आमच्या कर सल्लागारांना फोन केला. सर्वेक्षणाच्या वेळी सल्लागार हजर असण्याचा हक्क या कलमात लिहिलेला नाही, पण त्यांना बोलावण्यास बंदीही नाही, आणि अधिकाऱ्यांनी हरकत घेतली नाही. ते येईपर्यंत काम थांबवून ठेवणे मात्र मला योग्य वाटले नाही. दुकानाचा मालक, नोकर किंवा त्या वेळी कामावर असलेला माणूस यांनी तीन गोष्टी करायच्या असतात: वह्या आणि कागदपत्रे तपासण्याची सोय करून देणे, रोकड आणि माल पडताळू देणे आणि विचारलेली माहिती देणे. यात टाळाटाळ केली तर कलम 131 खालचे अधिकार, म्हणजे शपथेवर तपासणी करण्याचे आणि कागदपत्रे हजर करायला भाग पाडण्याचे अधिकार, वापरता येतात; अडवणूक वाढली तर छाप्याची वेळही येऊ शकते. म्हणून कपाटे उघडून दिली, संगणकाचा पासवर्ड दिला आणि आमच्या दिवाणजींना सांगितले, “दिवाणजी, साहेब जी फाइल मागतील ती द्या, पण दिलेल्या प्रत्येक फाइलचे नाव कागदावर लिहून ठेवा.” दिवाणजी सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे आहेत. “वहिनी, त्याची काळजी करू नका,” एवढेच ते म्हणाले आणि दिवसभर त्यांनी ती यादी अचूक ठेवली.

सुरुवातीलाच आलेला एक प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे महत्त्व फार आहे: “माल, वह्या किंवा रोकड आणखी कुठे ठेवता?” सर्वेक्षण राहत्या घरात करता येत नाही, परंतु व्यवसायाच्या वह्या, माल किंवा रोकड अमुक ठिकाणी आहे असे दुकानदाराने स्वतः सांगितले, तर ते ठिकाणही कायद्याच्या कक्षेत येते आणि तेथे सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी प्रवेश करता येतो. आमची मागच्या गल्लीत एक खोली आहे आणि तिथे जादा माल असतो. ती मी सांगितली. घरी दुकानाचे काहीच नव्हते, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. या प्रश्नाला घाबरून खोटे उत्तर देणे जितके वाईट, तितकेच ‘असेल काहीतरी घरी’ असे सैल उत्तर देणेही धोक्याचे आहे.

रोकडीचा विषय लवकर संपला. गल्ल्यात 86,400 रुपये निघाले. आदल्या रात्री रोजमेळ 71,200 रुपयांवर बंद झाला होता आणि त्या सकाळची रोखीची बिले 15,200 रुपयांची होती, बेरीज जुळली. अधिकाऱ्यांनी यादीवर माझी सही घेतली आणि रक्कम पुन्हा गल्ल्यात ठेवली. जिथे घरखर्चाचे पैसे आणि दुकानाची रोकड एकाच खणात असते, तिथे मात्र हाच प्रश्न तासन्‌तास चालतो.

खरा प्रश्न साठ्याचा होता. कापडाच्या किरकोळ दुकानात रोजच्या रोज नगवार साठा क्वचितच लिहिला जातो. सर्वेक्षणाच्या दिवशी वह्यांप्रमाणे किती माल असायला हवा, हे मग उलट हिशेबाने काढतात. आमच्या बाबतीत तो हिशेब असा झाला. 1 एप्रिलचा साठा 40 लाख रुपये आणि त्या दिवसापर्यंतची खरेदी 53 लाख, मिळून 93 लाख. विक्री 60 लाखांची झाली होती. मागच्या वर्षी ढोबळ नफा विक्रीच्या 15 टक्के होता, म्हणून विकलेल्या मालाची मूळ किंमत 51 लाख धरली. ती वजा केल्यावर वह्यांप्रमाणे साठा 42 लाखांचा ठरला.

दुसरीकडे प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली. दोन कर्मचारी कपाटातून एकेक नग काढून लेबलवरची किंमत मोठ्याने सांगत होते आणि तिसरे लिहीत होते. लेबलच्या कोपऱ्यात खरेदी किंमत सांकेतिक अक्षरांत लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. यादीत तोही रकाना ठेवावा, अशी विनंती मी पहिल्याच कपाटापाशी केली. एवढा वेळ नाही, असे उत्तर मिळाले आणि ते मी समजू शकत होते. मग मी एवढेच मागितले की यादीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘किमती लेबलच्या असून जीएसटीसह आहेत’ हे वाक्य लिहावे. ते लिहिले गेले. त्याशिवाय मोजणी चालू असताना झालेल्या विक्रीची बिले वेगळ्या कागदावर नोंदवायची, असेही ठरले. दुकान बंद ठेवणे कायद्याने बंधनकारक नसते, परंतु मोजून झालेल्या कपाटातला नग विकला गेला आणि त्याची नोंद राहिली नाही, तर दोन्ही बाजूंचा हिशेब बिघडतो. म्हणून ज्या कपाटाची मोजणी चालू असेल त्यातून विक्री करायची नाही, असा मार्ग आम्ही काढला.

संध्याकाळी लेबलच्या किमतींची बेरीज 63 लाख आली. अधिकाऱ्यांनी त्यातून 15 टक्के नफा, म्हणजे 9,45,000 रुपये वजा केले आणि साठ्याची मूळ किंमत 53,55,000 ठरवली. वह्यांतला साठा 42 लाखांचा. म्हणजे 11,55,000 रुपयांचा माल वह्यांबाहेरचा, असा निष्कर्ष निघाला. ही रक्कम कलम 69ब खाली बेहिशेबी गुंतवणूक ठरली असती, तर त्या वर्षीच्या कलम 115बीबीई प्रमाणे 60 टक्के कर, त्यावर 25 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 78 टक्के, जवळजवळ नऊ लाख रुपये भरावे लागले असते. दंडाचा प्रश्न त्याहून वेगळा.

या आकड्यात खोटे असे काही नव्हते. मोजणी बरोबर होती आणि वजाबाकीही बरोबर होती, पण तुलना दोन वेगळ्या प्रकारच्या किमतींची झाली होती. सल्लागारांनी आणि मी तिथेच बसून ती एकेक पायरीने उलगडली. पहिली गोष्ट कराची. लेबलवरची किंमत 5 टक्के जीएसटीसह असते, तर वह्यांत खरेदी करावाचून लिहिलेली असते, कारण त्या कराची वजावट आम्हाला मिळते. 63 लाखांतला कर काढला की 60 लाख उरतात. दुसरी गोष्ट जांगड मालाची. लग्नसराईत घाऊक व्यापारी भारी साड्या जांगडीवर पाठवतात. विकल्या तर बिल होते, नाहीतर माल परत जातो. तो माल आमच्या कपाटात असला तरी आमचा नसतो, त्यामुळे तो आमच्या खरेदीत दिसणार नाही. अशा मालाची लेबल किंमत 4,20,000, म्हणजे करावाचून 4 लाख होती. प्रत्येक नगाला वेगळी चिठ्ठी होती आणि तिच्यावर घाऊक व्यापाऱ्याच्या डिलिव्हरी चलनाचा क्रमांक होता, म्हणून चलने आणि नग समोरासमोर ठेवून दाखवता आले. जांगडीचा माल सहा महिन्यांच्या आत विकला किंवा परत केला गेला नाही, तर जीएसटी कायद्याप्रमाणे त्याचे बिल करावेच लागते. आमची सगळी चलने त्या मुदतीतली होती. आता आमच्या मालाची लेबल किंमत 56 लाख राहिली.

तिसरी गोष्ट वह्यांच्या बाजूची होती. आदल्या संध्याकाळी ट्रान्सपोर्टने गठ्ठे आले होते. ते उघडून मोजले गेले, पण त्यांचे बिल खरेदीत चढायचे होते. बिल्टी आणि बिल दोन्ही हाताशी होते आणि करावाचून रक्कम 2 लाख होती. तेवढी वह्यांच्या साठ्यात मिळवली की तो 44 लाखांचा होतो.

चौथी गोष्ट पटवायला सर्वांत अवघड गेली. 15 टक्के नफा हा प्रत्यक्ष विक्रीवरचा असतो आणि प्रत्यक्ष विक्री लेबलच्या किमतीने होत नाही. घासाघीस होते, लग्नाचा बस्ता बांधताना एकूण बिलावर सूट द्यावी लागते. त्यामुळे लेबलवरून मूळ किंमत काढायची तर 15 टक्क्यांहून अधिक वजा करावे लागते. हे नुसते बोलून कोणी का मान्य करावे? मी अधिकाऱ्यांना सुचवले की त्यांनी स्वतःच वेगवेगळ्या कपाटांतून नग निवडावेत. त्यांनी पैठणी, काठपदर, सिंथेटिक आणि ड्रेस मटेरियल अशा चारही प्रकारांतले नग काढले. प्रत्येकाचा सांकेतिक भाव मी वाचून दाखवला आणि दिवाणजींनी त्याचे खरेदी बिल काढून दिले. करावाचून लेबल किमतीच्या सरासरी 79 टक्के ही मूळ किंमत निघाली. 56 लाखांचे 79 टक्के म्हणजे 44,24,000. वह्यांतले 44 लाख वजा केले की फरक 24,000 रुपयांचा उरला.

साडेअकरा लाखांचा फरक चोवीस हजारांवर आला, तरी अधिकाऱ्यांनी आपला पहिला आकडा त्या रात्री बदलला नाही, आणि तो तेव्हाच बदलायला लावण्याचा हक्क मला होता असेही नाही. मला हक्क होता तो माझे म्हणणे जबाबात लिहून घेतले जाण्याचा. जबाब प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात घेतला गेला. मी मराठीत उत्तरे देईन असे सांगितले आणि ती मराठीतच लिहिली गेली. ज्या भाषेत आपण विचार करतो तीत जबाब असला, तर सही करताना शब्दन्‌शब्द तपासता येतो. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते ते सरळ दिले. एका जुन्या व्यवहाराची तारीख विचारली तेव्हा ‘वही पाहून सांगते’ असे उत्तर लिहून घ्यायला लावले, कारण अंदाजाने सांगितलेली तारीख चुकली की तीच पुढे खोटेपणाची खूण ठरते.

शेवटचा प्रश्न अपेक्षितच होता: साठ्यातील 11,55,000 रुपयांचा फरक चालू वर्षाचे जादा उत्पन्न म्हणून मान्य आहे काय? त्यापूर्वी प्रमुख अधिकारी शांतपणे म्हणाले, “मॅडम, आत्ता मान्य केलेत तर विषय इथेच मिटेल, आम्हीही निघू.” रात्र झाली होती, सगळे थकले होते आणि अशा वेळी बहुतेक दुकानदार होकार देतात. मी म्हटले, “साहेब, जे माझे आहे ते मी नाकारत नाही, पण जे नाही ते कबूल करणार नाही. कारणे लिहून घ्या.” केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 10 मार्च 2003 च्या सूचनेत आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलेलेच आहे की छापा किंवा सर्वेक्षणाच्या वेळी कबुली मिळवण्याचा प्रयत्न करू नये, पुरावा गोळा करण्यावर भर द्यावा, डिसेंबर 2014 मध्ये ती सूचना पुन्हा दिली गेली. सल्लागारांनी तिची आठवण नम्रपणे करून दिली. शिवाय सर्वेक्षणातला जबाब शपथेवर घेण्याचा अधिकार कलम 133अ देत नाही, म्हणून केवळ त्याच्या आधारे उत्पन्नात भर घालता येत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने एस. खादर खान सन प्रकरणात म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते 2012 मध्ये कायम ठेवले. याचा अर्थ जबाब बिनमहत्त्वाचा असतो असा कोणी घेऊ नये. दिलेली कबुली मागे घ्यायची तर ती चुकीची का होती हे पुराव्यानिशी आणि लवकरात लवकर दाखवावे लागते, आणि महिनोन्‌महिने गप्प राहून मग केलेल्या इन्काराला फारसे कोणी महत्त्व देत नाही.

माझे उत्तर पानभर झाले. फरक मान्य नाही, कारण किमती करासह आहेत, जांगडीचा माल यादीत आहे, एक बिल चढायचे आहे आणि लेबल व मूळ किंमत यांचे प्रमाण नमुन्याच्या तपासणीत 79 टक्के आले आहे. या चारही गोष्टींचे कागद सोबत जोडले आहेत, असे त्यात होते. सही करण्यापूर्वी मी प्रत्येक पान वाचले. एका ठिकाणी ‘जांगड माल’ ऐवजी ‘बिनबिलाचा माल’ असे लिहिले गेले होते; ते मी खोडून घेतले आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या झाल्या. त्या दोन शब्दांवर चार लाखांचा प्रश्न अवलंबून होता.

जाताना अधिकाऱ्यांनी उधारीची वही आणि काही फाइली ताब्यात घेतल्या आणि संगणकातील हिशेबाची प्रत करून नेली. कागदपत्रे ताब्यात घेण्यापूर्वी कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि सुट्ट्या वगळून पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर वरिष्ठांची मंजुरी लागते. मी आदेशाची आणि यादीची प्रत मागून घेतली आणि उधारीच्या वहीची छायाचित्रे त्यांच्यासमोरच काढली, कारण त्या वहीवाचून वसुलीच थांबली असती. साठ्याच्या यादीची प्रत मिळाली. जबाबाची प्रत त्या रात्री मिळाली नाही. तिच्यासाठी मी दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज केला आणि त्याची पोच घेतली. त्याच आठवड्यात सगळा हिशेब तक्त्यात मांडून, जांगड चलने, बिल्टी, खरेदी बिले आणि घाऊक व्यापाऱ्यांची मालकीची पत्रे जोडून विभागाकडे दिला. जबाबातले म्हणणे आणि हे पत्र यांत एका रुपयाचाही फरक राहू नये, याकडे सल्लागारांनी बारकाईने लक्ष दिले.

उरलेले 24,000 रुपये आम्ही विवरणपत्रात व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवले. सरासरीने काढलेल्या हिशेबात एवढा फरक सहज पडतो, असे म्हणून तो सोडून देता आला असता. पण नमुन्याची पद्धत आम्हीच सुचवली होती, तेव्हा तिच्यातून निघालेला आकडा पाळणेही आमच्याकडे आले. नेहमीच्या मालात मिसळलेला, वेगळा काढून दाखवता न येणारा जादा साठा हे व्यवसायाचेच उत्पन्न मानावे, असे काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे, त्यामुळे त्यावर नेहमीच्या दराने कर भरला. पुढे निर्धारणात जांगडीबद्दल आणखी प्रश्न आले आणि घाऊक व्यापाऱ्यांकडून थेट खातरजमा झाली. अंतिम आदेशात 11,55,000 ची भर घातली गेली नाही. यादीच्या तळाशी लिहिलेले जीएसटीचे वाक्य आणि जबाबातले ते पान, या दोन्हींचा त्या आदेशात उल्लेख आहे.